निळा संध्याकाळी जातो कुठे?

*मी दादरला राहते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी सहा ते अकरा वर्षांची आठ-नऊ मुलं माझ्याभोवती जमतात. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, ‘आकाश निळं का?’ मी म्हटलं, ‘निळा रंग सगळ्यात खोडकर. बाकीचे सरळ घरी येतात, हा आकाशात उनाडत बसतो.’ मुलं खूप हसली. मग एका मुलीने विचारलं, ‘मग संध्याकाळी त्याला कोण पकडून नेतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. विनोदाशिवाय ही मुलं पाच मिनिटं बसत नाहीत. हसवायचं आहे, पण खोटं शिकवायचं नाही. कसं करू?*
*– गच्चीवरची मावशी*

प्रिय ताई,

आधी त्या मुलीचं उत्तर. निळ्याला कोणी पकडून नेत नाही. संध्याकाळी तो तुमच्या गच्चीपर्यंत पोहोचतच नाही, कारण वाटेत अरबी समुद्रावरच्या हवेत तो पांगून गेलेला असतो. त्या वेळी दूर समुद्रात एखादी मासेमारीची बोट असेल, तर तिच्यावरच्या माणसांना डोक्यावर जे निळं आकाश दिसतं, त्यात तुमच्या वाट्याचा निळा असतो. ‘तुमचा निळा कोळीदादांनी ठेवून घेतला’ असं तिला सांगा. ती हसेल, आणि हे खरंही आहे.

तुमचा विनोद मुळात चुकीचा नव्हता. निळा भटकतो, हे बरोबर. तो का भटकतो आणि भटकून कुठे जातो, हे त्यात नव्हतं, म्हणून पुढचा प्रश्न आल्यावर तो अडला. मुलांसाठी विनोद करताना मी एकच कसोटी लावते. विनोदाला एक पुढचा प्रश्न विचारायचा. ‘संध्याकाळी काय होतं?’ किंवा ‘ढग पांढरा का?’ विनोद पुढे ताणून याचं उत्तर निघालं तर त्यात शास्त्र आहे. नाही निघालं तर ती नुसती गंमत आहे, आणि मुलाच्या डोक्यात गंमत राहते, आकाश राहत नाही. तुमच्या त्या मुलीने हीच कसोटी लावली.

सुरुवात निळ्यापासून करूच नका. आधी एक सोपी गोष्ट मुलांकडून वदवून घ्या. आकाशाकडे बघताना आपण सूर्याकडे बघत नसतो. सूर्य एका बाजूला आणि आपली नजर दुसऱ्या बाजूला. मग त्या दुसऱ्या बाजूने उजेड येतो कुठून? सूर्याचा उजेड तर सरळ रेषेत जातो. म्हणजे वाटेत कोणीतरी त्याला वळवून आपल्या डोळ्यांत पाठवलंय. तो कोणीतरी म्हणजे हवा. हवा नसती तर भर दुपारी सूर्य दिसला असता, आणि त्याच्या शेजारी काळंकुट्ट आकाश. चंद्रावर असंच असतं. मुलांना हे कळलं की खरा प्रश्न आपोआप समोर येतो: हवा निळ्यालाच जास्त का वळवते?

इथे मी बरीच वर्षं चूक केली आणि ती शाळेतल्या मुलांना शिकवली. मी म्हणायचे, ‘निळी लहर बारीक असते म्हणून ती हवेच्या कणांना धडकते. तांबडी लहर मोठी, ती कणांवरून उडी मारून जाते.’ मी उडी मारून दाखवायचे आणि वर्ग हसून लोळायचा. चित्र मजेदार आहे, पण खोटं आहे. हवेचा रेणू मोहरीच्या दाण्याएवढा मोठा करून पाहा. त्याच मापात निळ्या प्रकाशाची एक लहर जवळजवळ तीन मीटर लांब होईल आणि तांबड्याची चार मीटरच्या वर. मोहरीच्या दाण्याला अडखळून यातलं कोणीच पडणार नाही. दोघंही रेणूपेक्षा हजारपटीहून मोठे आहेत, त्यामुळे धडकण्या-न धडकण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय हा विनोद मनात बसला की मुलं समजतात, कण जितका मोठा तितका निळा जास्त. मग ढग गडद निळा हवा होता! कसोटीत तो विनोद नापास होतो.

मग मी लेझीम घेतली. तुमच्या गल्लीत गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम पथक येत असेल, मुलांनी ती हातात धरलीही असेल. हवेच्या प्रत्येक रेणूच्या हातात एक लेझीम आहे असं सांगा. प्रकाश आला की तो रेणूचा हात धरून हलवतो. प्रत्येक रंगाची हलवायची गती वेगळी. आपला ‘तानापिहिनिपाजा’ इथे कामाला येतो, कारण तो याच क्रमाने लावलेला आहे: ‘ता’ सगळ्यात सावकाश, ‘जा’ सगळ्यात झपाझप. आता एका मुलाला तांबडा करा. तांबडा म्हणजे पुरणपोळी जेवून उठलेला पाहुणा. तो लेझीम हलवतो... छन्... आणि जांभई देतो... छन्. दुसऱ्याला निळा करा. निळा म्हणजे परीक्षा संपल्याची घंटा आत्ताच ऐकलेला मुलगा. छनछनछनछन! आता सगळ्यांना विचारा, गच्चीच्या कोपऱ्यात कोणाचा आवाज जास्त आला? लेझीम एकाच्या हातात, पण आवाज चारी दिशांना गेला, हेही तेव्हाच दाखवा. आकाशाचं नेमकं असंच आहे. रेणू जो हलतो, तो आलेला प्रकाश आजूबाजूला पसरवतो. जितकं झपाझप हलवाल तितका जास्त पसरतो. शाळेच्या पुस्तकात यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात.

हा विनोद खरा का आहे, ते तुमच्यापुरतं सांगते. प्रकाश रेणूतल्या इलेक्ट्रॉनना खरोखरच हलवतो, आणि हलणारा इलेक्ट्रॉन त्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो. ‘त्याच रंगाचा’ हे लक्षात ठेवा. निळा हलवतो तेव्हा निळाच पसरतो; हवा कोणताही रंग बनवत नाही आणि बदलतही नाही, आलेल्यातला थोडा वाटते इतकंच. आता किती जास्त, ते अकरा वर्षांच्या मुलांना पाटीवर करू द्या. निळा तांबड्याच्या साधारण दीडपट वेगाने हलवतो. पण पसरणं दीडपट होत नाही. दीड चार वेळा घेऊन एकमेकांशी गुणल्याइतकं होतं. दीड दुणे नाही, दीड दीडे: सव्वादोन. सव्वादोनला पुन्हा दीडने गुणलं तर तीनच्या थोडं वर. आणखी एकदा, पाच. म्हणजे निळा तांबड्याच्या सुमारे पाचपट पसरतो. हा चार वेळा घेऊन गुणायचा नियम ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये मांडला, आणि धूळ किंवा बाष्प नसलं तरी हवेचे रेणू एकटे हे काम करू शकतात हे त्यांनीच 1899 मध्ये दाखवलं. लहान मुलांना नावं नकोत, सनही नको. त्यांना एकच विचारा: ‘छन् एकदा आणि छन् पाचदा, कोण ऐकू येईल?’

आता मोठं मूल हमखास विचारेल: ‘मग जांभळा तर अजून झपाझप हलवतो, आकाश जांभळं का नाही?’ हा प्रश्न आला तर त्या रविवारी तुम्ही जिंकलात. उत्तराचे दोन तुकडे आहेत. सूर्याच्या उजेडात जांभळा मुळातच निळ्यापेक्षा कमी असतो. मिरवणुकीला निळे शंभर आले तर जांभळे त्याहून कमी. आणि आपले डोळे जांभळ्याच्या बाबतीत जरा कमी ऐकणारे आहेत, म्हणजे त्याच्याबद्दल कमी संवेदनशील. ‘जांभळा जीव तोडून वाजवतोय, पण आपला डोळा म्हणतो, काय म्हणालास बाळा?’ हे वाक्य मी हाताचा कान करून म्हणते, तेव्हा मुलं पाठ करून घरी नेतात. शिवाय हिरवा, पिवळा, तांबडा हेही थोडेथोडे पसरतातच, म्हणून आकाश शाईसारखं गडद नसतं, पांढरा मिसळलेलं फिकट निळं असतं. सहा-सात वर्षांच्यांना हे सांगायची घाई करू नका.

लेझीम सकाळ-दुपारचं काम करते. संध्याकाळसाठी मात्र दुसरा विनोद लागतो, आणि तो दादरच्या मुलांना सांगायला फार सोपा. सातही रंग एकाच लोकलने निघाले. निळ्याला सवय आहे. प्रत्येक स्टेशनला कोणी ओळखीचं दिसलं की उतरायचं. तांबडा मात्र खिडकीशी बसलाय, डबा उघडलाय, तो हलत नाही. सूर्य थेट डोक्यावर असतो तेव्हा हवेतला प्रवास छोटा असतो, दादर ते माटुंगा. एखाद-दुसरा निळा उतरला तरी डब्यात सगळे रंग असतात, म्हणून दुपारचा सूर्य पांढरा. सूर्य क्षितिजावर टेकतो तेव्हा प्रकाश हवेच्या थरातून तिरपा, लांबच लांब येतो. अंतर हवेच्या मापाने साधारण 38 पट होतं. दादर-माटुंगा आणि दादर-विरार एवढा फरक समजा. माप तंतोतंत नाही, पण जवळ जातं. विरार येईपर्यंत निळे सगळे उतरले, हिरवेही बरेच गेले. दार उघडलं तर प्लॅटफॉर्मवर कोण उतरलं? डबा चाटून पुसून बसलेले तांबडा आणि नारिंगी.

या विनोदाला एक भोक आहे, ते तुम्हीच बुजवा. ‘उतरला’ म्हटलं की मुलांना वाटतं निळा संपला, नाहीसा झाला. तसं होत नाही. तो फक्त दिशा बदलतो आणि दुसरीकडे चालत राहतो. म्हणून प्रत्येक निळा उतरवताना मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्या, ‘उतरला, पण चालतोय!’ आणि कुठे चालला ते सांगा: वसईच्या आकाशात, नायगावच्या आकाशात. इथेच कोळीदादांची बोट परत येते. तुमच्या सूर्यास्ताचा निळा वाटेतल्या लोकांच्या आकाशात वाटला गेलाय.

लेझीम आणि लोकल एका दमात सांगू नका. लेझीम सांगते की निळा जास्त का पसरतो. लोकल सांगते की खूप पसरून झाल्यावर मागे काय उरतं. दोन्ही एकत्र केलं की मूल लोकलमध्ये लेझीम वाजवू लागतं आणि दोन्ही चित्रं पुसली जातात. मी एका रविवारी एक, पुढच्या रविवारी दुसरं घेते.

मुंबईच्या मुलांच्या डोक्यातून एक गोष्ट आधी काढावी लागेल, कारण समुद्र रोज डोळ्यांसमोर असतो. ‘समुद्राचं प्रतिबिंब पडतं म्हणून आकाश निळं’ असं त्यांना कोणीतरी नक्की सांगितलेलं असतं. यावर वाद घालू नका. त्यांना दादर चौपाटीवर न्या आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणा, ‘हे प्रतिबिंब असतं तर आपल्या आकाशाचा रंग कसा असता?’ मुलं एका सुरात ओरडतील: ‘चहासारखा!’ या विनोदात समजावण्यासारखं काही उरत नाही, तो स्वतःच पुरावा आहे. कोणाला अजून शंका असेल तर नागपूरच्या मामाला फोन लावा आणि विचारा, समुद्र नसताना तिथलं आकाश कोणत्या रंगाचं आहे.

आणि इथेच मुंबईच्या बंदराची एक खरी गोष्ट सांगता येते. सी. व्ही. रामन 1921 मध्ये इंग्लंडहून बोटीने परत येत होते. बोटीचं नाव ‘नारकुंडा’. तेव्हा उलटी समजूत होती, की समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे. स्वतः रॅले तसं म्हणाले होते. रामन यांना भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून ते पटेना. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचा स्फटिक होता, त्यातून ठरावीक कोनात पाहिलं की पाण्यावरची चमक, म्हणजेच आकाशाचं प्रतिबिंब, नाहीसं होतं. ते घालवून पाहिलं तरी पाणी निळंच. त्यांनी हे लिहून ‘नेचर’ या नियतकालिकाला पाठवलं, आणि त्या पत्रावर पत्ता होता नारकुंडा बोट, मुंबई बंदर, तारीख 26 सप्टेंबर. पुढे कळलं त्याप्रमाणे खोल पाण्याच्या निळाईत पाणी तांबडा रंग थोडा शोषून घेतं याचा वाटा मोठा आहे. मुलांना एवढंच पुरे: आकाशाने समुद्राकडून रंग उसना घेतलेला नाही, आणि समुद्राने आकाशाकडून पूर्ण घेतलेला नाही. हे तपासून लिहिलेलं पत्र आपल्या बंदरातून गेलं.

आता प्रयोग. विनोद कितीही चांगला असला तरी निळा डोळ्यांनी दिसला पाहिजे, आणि तो दुधात दिसतो. मुलांना आधी विचारा, ‘गवळी दुधात पाणी घालतो, आज आपण काय घालू?’ ‘पाण्यात दूध!’ असं म्हणेपर्यंत अर्धी मुलं हसत असतात. घरातल्या मोठ्या बायकांना माहीत असतं की पाणचट दूध निळसर दिसतं. ते निळसर दिसणं याच कारणाने आहे. दुधातले प्रथिनांचे बारीक कण प्रकाशाला हवेच्या रेणूंसारखंच पसरवतात, निळ्याला जास्त.

साहित्य असं: लांबट चौकोनी पारदर्शक डबा, निदान वीतभर लांब, त्यात एक लिटर पाणी, साय काढलेलं दूध, मिळालं तर कमी फॅटचं, पांढरा उजेड देणारा टॉर्च, मोबाइलचाही चालतो, आणि अंधार. गच्चीवर सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला की पुरेसा अंधार होतो. रस्त्याचा दिवा पडत असेल तर जिन्यात बसा. टॉर्च डब्याच्या अरुंद बाजूला टेकवून लांबीच्या दिशेने मारा. आधी दूध न घालता दाखवा: पाण्यात किरण जवळजवळ दिसतच नाही. ही चंद्रावरची दुपार. मग दूध थेंब-थेंब घाला, प्रत्येक वेळी ढवळा आणि थांबा. पाच-सहा थेंबांनंतर बाजूने पाहिलं की टॉर्चजवळचा भाग निळसर दिसू लागेल. आता मुलांना दुसऱ्या टोकाला पाठवा आणि टॉर्चसमोर पांढरा कागद धरायला सांगा. तिथे पडणारा ठिपका पिवळसर झालेला असेल. आणखी थेंब घातले की तो नारिंगीकडे जाईल. एकाच डब्यात बाजूने दुपारचं आकाश आणि टोकाला सूर्यास्त.

फसतो कुठे तेही सांगते. सगळ्यात जास्त वेळा दूध जास्त पडतं. अर्धा चमचा झाला की थांबा. जास्त दुधात प्रकाश इतक्या वेळा वळतो की सगळे रंग परत मिसळतात आणि सगळं पांढरं दिसतं. असं झालं तर दूध टाकायचं बंद करून निम्मं पाणी ओतून टाका आणि नवं पाणी भरा. दुसरी गडबड सायीच्या दुधाने होते. त्यातले चरबीचे गोळे मोठे असतात, ते सगळ्या रंगांना जवळजवळ सारखंच पसरवतात, म्हणून निळा दिसत नाही. तिसरी गडबड पिवळ्या उजेडाच्या जुन्या टॉर्चची. त्यात निळाच कमी असतो, मग पसरणार काय? आणि बाटली गोल असेल तर ती भिंगासारखी किरण वाकवते, टोकाचा रंग नीट दिसत नाही. म्हणून चौकोनी डबा.

सायीच्या दुधाने फसलेला प्रयोगही टाकू नका, तो ढगाचा धडा आहे. ढगातला पाण्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा, वीस-पंचवीस पट सहज. तो लेझीम धरलेला एकटा रेणू उरत नाही, अख्खं पथक होतं. पथकासमोर तांबडा आला तरी तेवढाच दणदणाट, निळा आला तरी तेवढाच. सगळे रंग सारखे पसरले की मिळून पांढरा. आमच्याकडे एका मुलाने यावर स्वतः विनोद केला होता: ‘ढग म्हणजे लग्नातला बँड. नवरदेव कोणताही असो, गाणी तीच.’ मी तो अजून वापरते, कारण तो कसोटीला उतरतो.

मुंबईत राहून हे रोज तपासता येतं. जानेवारीतल्या सकाळी गच्चीवरून आकाश निळ्याऐवजी पांढुरकं, कधी करडं दिसतं; त्या दिवशी हवेत धूळ आणि धुराचे कण जास्त असतात, आणि ते रेणूंपेक्षा पुष्कळ मोठे असल्यामुळे ढगासारखेच वागतात. पावसाळ्यात जोराची सर येऊन ढग फाटले की मधून दिसणारा तुकडा किती गडद निळा असतो ते पाहा. पावसाने ती धूळ धुऊन नेलेली असते. मुलांना एक काम द्या. रोज एकाच वेळी डोक्यावरचं आकाश आणि क्षितिजाजवळचं आकाश पाहून वहीत दोन ठिपके रंगवायचे. क्षितिजाजवळचा ठिपका नेहमी फिका येईल, कारण तिथे हवेतून वाट लांब असते आणि बरेच रंग मिसळतात. एक गोष्ट कडक सांगा: सूर्याकडे थेट कधीही पाहायचं नाही, मावळतानाही टक लावून नाही. रंग पाहायचा तो आकाशाचा, सूर्याचा नाही.

पुढच्या रविवारची आखणी मी अशी करीन. सूर्य मावळायच्या थोडं आधी मुलांना जमवायचं. आकाशाकडे तोंड, सूर्याकडे पाठ. पहिली दहा मिनिटं लेझीम. खरी नसली तर डब्यात नाणी घालून चालेल. मग चहाच्या रंगाचं आकाश. अंधार पडेपर्यंत त्यांना खेळू द्या, कारण एकदा हसून झालं की लक्ष पळतं, आणि ते बळजबरीने धरून ठेवण्यात अर्थ नाही. मग दुधाचा डबा. लोकल त्याच्या पुढच्या रविवारी.

कोणाला खरंच कळलंय हे ओळखायला ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. विनोद त्यांच्या हातात द्या आणि पुढे न्यायला सांगा. ‘चंद्रावर लेझीम कोणाच्या हातात?’ असं विचारा. ज्याला कळलं तो म्हणेल, ‘कोणाच्याच नाही, तिथे हवाच नाही, म्हणून आकाश काळं.’ ‘मंगळावर?’ हा कठीण प्रश्न. तिथे हवा फार विरळ, आणि तिच्यात तांबूस बारीक धूळ. दिवसाचं आकाश पिवळसर तपकिरी दिसतं, आणि सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसर झाक येते, आपल्या उलट. मंगळावर उतरलेल्या यानांनी त्याची छायाचित्रं पाठवली आहेत. मुलांना जरूर दाखवा. तिथे लेझीम पथकाची चाल वेगळी आहे, एवढं सांगून सोडून द्या. धुळीच्या कणांचा आकार आणि रंग यांचं ते गणित या वयाला नको.

टॉर्च त्या ‘कोण पकडून नेतं’ विचारणाऱ्या मुलीच्या हातात द्या. आणि डब्यातलं पाणी शेवटी गच्चीवरच्या तुळशीला घातलं तर चालेल, त्यात अर्धा चमचाच दूध आहे.

तुमची,
विज्ञानाच्या बाई